तास किती, आणि आठवड्याला किती?

जर्मनच्या क्लासची चौकशी करायला येणारा माणूस फी विचारण्याच्या आधी विचारतो, "मॅडम, बोलता यायला किती महिने लागतील?" मुलुंड आणि घाटकोपरला मी बरीच वर्षं जर्मन शिकवते आहे. मधली काही वर्षं अंधेरी आणि बोरिवलीलाही शनिवार-रविवारच्या बॅच घेत होते. पूर्वी हा प्रश्न इंजिनिअरिंगची मुलं विचारायची, कारण त्यांना एम.एस.साठी जायचं असायचं. फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी दहा हजार कुशल माणसं पाठवण्याचा करार केला, आणि विचारणाऱ्यांमध्ये नर्स, इलेक्ट्रिशियन, हॉटेलात काम करणारी मुलं दिसू लागली. या मंडळींसाठी महिने म्हणजे पगार, घराचा हप्ता आणि मुलांची शाळा. त्यांना मोघम उत्तर देणं मला योग्य वाटत नाही.

नेमकं उत्तर महिन्यांत देता येत नाही. ते तासांत देता येतं, आणि तेही अंदाजाने. शिवाय हा तासांचा आकडा दगडावरची रेघ नसतो. तेच पुस्तक, तीच शिक्षिका आणि तेवढाच हुशार विद्यार्थी असला, तरी आठवडा कसा आखला यावर एकूण तास शे-दीडशेने कमीजास्त होतात. इतक्या वर्षांच्या शिकवण्यातून माझ्या हाती लागलेली सगळ्यात उपयोगाची गोष्ट हीच आहे, म्हणून ती सविस्तर मांडते.

आधी 'बोलता येणं' म्हणजे काय ते ठरवायला हवं. युरोपातल्या भाषाशिक्षणाच्या ए-1 ते सी-2 अशा सहा पायऱ्या युरोप परिषदेने 2001 मध्ये प्रसिद्ध केल्या. तिसरी पायरी बी-1. या पायरीवरचा माणूस रोजच्या विषयांवर आधाराशिवाय बोलू शकतो, आपलं मत आणि त्यामागचं कारण सांगू शकतो, आणि शब्द आठवला नाही तर वळसा घालून का होईना पुढे जातो. बी-1 च्या तोंडी परीक्षेत हेच पाहतात. दोन उमेदवार समोरासमोर बसतात आणि एखादा कार्यक्रम मिळून ठरवतात. मग प्रत्येक जण एका विषयावर थोडं बोलतो आणि त्यावरच्या प्रश्नांना उत्तरं देतो. हे सगळं साधारण पंधरा मिनिटांत उरकतं. मी 'बोलता येणं' म्हणते तेव्हा माझ्या मनात ही पायरी असते. नर्सना जर्मनीत पूर्ण मान्यतेसाठी साधारणपणे त्याच्या पुढची बी-2 लागते, पण बी-1 भक्कम नसेल तर तिथे पोहोचताच येत नाही.

आपल्याकडे काळा घोडा भागातलं मॅक्स म्युलर भवन ज्या संस्थेचं आहे, त्या गोएथे-इन्स्टिट्यूटने बी-1 साठी साधारण 350 ते 650 तासिकांचा अंदाज दिला आहे. इथे 'तासिका' शब्द लक्षात ठेवावा, कारण ती 45 मिनिटांची असते. घड्याळाच्या हिशेबात हे साधारण 260 ते 490 तास झाले, आणि तेही फक्त वर्गात बसण्याचे. आधी काय येतं आणि कोणत्या परिस्थितीत शिकतो यावर हा फरक पडतो, म्हणून पट्टा एवढा रुंद आहे.

काही विद्यार्थी मोबाइलवर वेगळाच आकडा वाचून येतात. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था जर्मनसाठी सुमारे 36 आठवडे, म्हणजे आठशे-नऊशे वर्गतास सांगते. तो आकडा खोटा नाही, पण तो वेगळ्या मुक्कामाचा आहे. तिथे वकिलातीतलं कामकाज त्या भाषेत करता येण्याइतकी तयारी हवी असते. ती बी-1 च्या बरीच वरची. शिवाय तिथले शिकणारे इंग्रजी मातृभाषेचे असतात, आणि शिकणं हीच त्यांची पूर्ण वेळची नोकरी असते. त्याच यादीत हिंदीला 44 आठवडे आहेत. घाटकोपरच्या गुजराती किंवा मराठी मुलाला हिंदीसाठी 44 आठवडे बसवावं लागेल असं कुणी म्हणणार नाही. तासांचा कुठलाही आकडा वाचताना तो कुणासाठी काढला आहे आणि कुठवर पोहोचण्याचा आहे, या दोन गोष्टी आधी पाहाव्यात.

मराठी माणसाला जर्मनमध्ये काही ठिकाणी वेळ वाचतो. तीन लिंगं आणि विभक्ती या कल्पना समजावून सांगाव्या लागत नाहीत. गौण वाक्यात क्रियापद शेवटी जातं, तेव्हा इंग्रजी माध्यमात वाढलेली मुलं अडखळतात. घरी मराठी बोलणारी मुलं मात्र ते लवकर पचवतात. पण कोणत्या नामाचं लिंग कोणतं, हे पाठच करावं लागतं. तिथे मराठीचा आधार मिळत नाही, उलट ती आड येते. हे सगळं धरून माझ्या बॅचसाठी मी 450 तासिका, म्हणजे साधारण 340 तास वर्गाचे धरते. आणि वर्गात सहा तास झाले तर घरी किमान पाच तास, असं प्रमाण ठेवते. म्हणजे बी-1 पर्यंतचा एकूण अभ्यास साडेसहाशे तासांच्या आसपास जातो. जाहिरातीच्या पत्रकांवर यातला घरचा अर्धा भाग कधीच छापलेला नसतो.

आता आठवड्याकडे येते. उपनगरात सगळ्यात जास्त चालते ती शनिवार-रविवारची बॅच, दोन्ही दिवशी तीन-तीन तासांची. सोमवार ते शुक्रवार बोरिवलीहून चर्चगेट किंवा मुलुंडहून सीएसएमटी करणाऱ्या माणसाला दुसरी सोय नसते, म्हणून ती चालते. कागदावर हिशेब सोपा आहे. आठवड्याला सहा तास, म्हणजे 340 तासांना 57 आठवडे. प्रत्यक्षात मात्र शनिवारी वर्ग उघडल्यावर पहिल्या तासात नवं काही शिकवता येत नाही. रविवारी दुपारी ज्यांनी भूतकाळातली वाक्यं झरझर केली होती, ती मुलं शनिवारी क्रियापदाचं रूप आठवत गप्प बसतात. त्यांना पुन्हा रुळावर आणण्यात तास-सव्वा तास जातो. हा वेळ नेहमीच्या उजळणीपेक्षा वेगळा, कारण नेहमीची उजळणी 340 तासांत धरलेलीच आहे. सहातले सव्वा तास गेले की पावणेपाच उरतात. आता तेच 340 तास भरायला 72 आठवडे लागतात. घरचे पाच तास धरले तर आठवड्याचे अकरा, म्हणजे एकूण 792 तास.

हे असं का होतं, याचं उत्तर एका जर्मन माणसानेच शोधलं. हेर्मान एबिंगहाउस याने अर्थ नसलेल्या अक्षरगटांच्या याद्या स्वतः पाठ केल्या, काही काळाने त्या पुन्हा पाठ केल्या, आणि दुसऱ्या वेळी किती श्रम वाचले ते मोजलं. 1885 मध्ये त्याने हे निष्कर्ष छापले. एका दिवसानंतर पहिल्या श्रमापैकी साधारण एक-तृतीयांश वाचत होते. सहा दिवसांनंतर एक-चतुर्थांश, आणि महिन्यानंतर एक-पंचमांश. वाक्यात वापरलेले अर्थपूर्ण शब्द इतक्या वेगाने पुसले जात नाहीत. पण उताराचा आकार तसाच असतो. सगळ्यात मोठी घसरण पहिल्या दिवसात होते आणि नंतरची हळूहळू होत राहते.

यातून वेळापत्रकासाठी एक थेट गोष्ट निघते. शनिवार-रविवारच्या बॅचमधला विद्यार्थी गृहपाठ शुक्रवारी रात्री करतो, कारण दुसऱ्या दिवशी क्लास असतो. त्या वेळी तो विसरलेलं पुन्हा शिकत असतो. तेच काम त्याने सोमवारी सकाळी सुरू केलं, तर घसरण सुरू होतानाच ती अडते. माझ्या बोरिवलीच्या बॅचला मी घरच्या पाच तासांत एका मिनिटाचीही भर घातली नाही, फक्त ते तास हलवले. सोमवार ते शुक्रवार गाडीत रोज चाळीस मिनिटं ऐकायचं. सकाळी आठच्या फास्टमध्ये वही काढायला जागा नसते, पण कानात पाठाचं ध्वनिमुद्रण ऐकता येतं आणि ओठांतल्या ओठांत वाक्यं म्हणता येतात. लिहिण्याचं काम बुधवारी रात्री एका बैठकीत. हे ज्यांनी नेमाने केलं त्यांच्याबाबतीत शनिवारचा हरवणारा वेळ सव्वा तासावरून पंधरा मिनिटांवर आला. म्हणजे आठवड्याचे पावणेसहा तास खरे कामाचे झाले आणि बी-1 ला 59 आठवडे पुरले. अकरा गुणिले 59 म्हणजे 649 तास. आठवड्याला अकरा तास दोघांनीही दिले. एकाची बेरीज 792 झाली आणि दुसऱ्याची 649. एकशे त्रेचाळीस तासांचा हा फरक निव्वळ वारांचा आहे.

ज्यांना कामाच्या दिवशी संध्याकाळी येणं जमतं त्यांच्यासाठी मी मंगळवार, गुरुवार आणि शनिवारी दोन-दोन तास ठेवते. तेही सहाच तास, पण मधे कधी दोनपेक्षा जास्त दिवस रिकामे जात नाहीत. विद्यार्थ्याच्या शिस्तीवर भरवसा कमी असेल तर हीच रचना बरी, कारण इथे वेळापत्रकच उजळणी करून घेतं. तोटा एकच. अंधेरीहून साडेसहाला निघालेला माणूस मेट्रोने घाटकोपरला येऊन पुढे गाडी धरून मुलुंडला आठच्या आत पोहोचेलच असं नाही. जो दर वर्गाला अर्धा तास उशिरा येतो, त्याच्यासाठी ही बॅच शनिवार-रविवारपेक्षा महाग पडते.

दुसऱ्या टोकाला असतात घाईवाले. नोकरी सोडून किंवा बिनपगारी रजा घेऊन येतात आणि म्हणतात, रोज चार तास बसतो, चार महिन्यांत बी-1 करून द्या. आठवड्याचे वीस तास, म्हणजे 340 तासांना 17 आठवडे. हिशेब बरोबर आहे, पण तो वर्गापुरता. घरचे तास त्याच प्रमाणात धरले तर आठवड्याला आणखी सोळा-सतरा तास होतात. शब्दांकडे पाहिलं की अडचण आणखी स्पष्ट दिसते. गोएथेच्या बी-1 शब्दसूचीत साधारण 2400 शब्द आहेत. 59 आठवड्यांत वाटले तर आठवड्याला चाळीसेक होतात. 17 आठवड्यांत वाटले तर आठवड्याला 140, म्हणजे क्लासच्या प्रत्येक दिवशी अठ्ठावीस. अठ्ठावीस शब्द एका दिवसात वाचता येतात. पण प्रत्येक शब्द दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी आणि दहाव्या दिवशी पुन्हा समोर यायला हवा. तोवर पुढच्या शब्दांचा ढीग पडलेला असतो. विरजण दुप्पट घातलं म्हणून दही निम्म्या वेळात लागत नाही, तसं हे आहे.

रोजच्या चार तासांचा अतिरेक होतो आहे हे कसं ओळखायचं? शुक्रवारच्या चाचणीत जो नियम मुलगा अचूक लिहितो, तोच पुढच्या शुक्रवारी बोलताना चुकवतो. ए-1 आणि ए-2 झपाट्याने होतात, कारण तिथे वाक्याचे सांगाडे मोजके असतात. बी-1 च्या मध्यावर गाडी थांबते. मुलगा वर्गात बसतो, सगळं समजतं म्हणतो, आणि तोंडातून ए-2 चीच वाक्यं येत राहतात. अशा वेळी वर्गाचे तास वाढवून काही होत नाही. मी त्यांना दोन पायऱ्यांच्या मध्ये दोन आठवडे थांबवते. त्या काळात नवं पान उलटायचं नाही, जे झालं आहे त्यावर फक्त बोलायचं. रजा मर्यादित असेल तर ती ए-1 आणि ए-2 ला वापरावी आणि बी-1 नोकरी करत सावकाश करावं, असा सल्ला मी देते. दाट शिक्षणाचा जोर पायाभरणीत सर्वांत जास्त उपयोगी पडतो.

तास मोजताना आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या हिशेबात येत नाही. वर्गात बसण्याचा तास म्हणजे बोलण्याचा तास नव्हे. बारा जणांची बॅच आणि दोन तासांचा वर्ग घ्या. शिकवणं, वाचन, ऐकणं आणि लिहिणं यांत एक तास जातो. उरलेल्या तासात बारा जण पाळीपाळीने बोलले तर एकाच्या वाट्याला पाच मिनिटं येतात. 340 तास म्हणजे असे 170 वर्ग. पाच गुणिले 170 म्हणजे 850 मिनिटं, जेमतेम चौदा तास. दीड वर्ष क्लास केलेला माणूस एकूण चौदा तास बोललेला असतो, आणि मग परीक्षेच्या खोलीत समोरच्या उमेदवाराकडे पाहत गप्प बसतो. त्याला व्याकरण येत असतं. तोंडाला सवय नसते.

जोड्या लावल्या की हा आकडा बदलतो. दोन तासांपैकी चाळीस मिनिटं सगळ्या जोड्या एकाच वेळी बोलत्या केल्या, तर प्रत्येकाला वीस मिनिटं मिळतात. 170 वर्गांत ते सत्तावन्न तास होतात. वर्गात गोंगाट होतो, चुका सुधारल्याविना राहतात, आणि काही पालकांना व नोकरदार विद्यार्थ्यांना 'मॅडम काही शिकवत नाहीत' असंही वाटतं. तरी मी यावर ठाम आहे. त्याशिवाय प्रत्येकाला एक जोडीदार ठरवून देते, शक्यतो एकाच बाजूला राहणारा. आठवड्याच्या मध्यात एकदा पंधरा मिनिटं फोनवर फक्त जर्मन. शब्द अडला तर शोधायचा नाही, वळसा घालून सांगायचा. एकूण तास कमी करण्याचा याहून स्वस्त मार्ग मला सापडलेला नाही.

हे सगळं एका जागी कसं बसवलं, ते मुलुंडच्या एका नर्सच्या उदाहरणाने सांगते. ती एका खासगी रुग्णालयात होती, पाळ्या फिरत्या. एक आठवडा सकाळ, एक आठवडा दुपार, एक आठवडा रात्र. आधी दुसरीकडे शनिवार-रविवारच्या बॅचला जात होती. रात्रपाळीच्या आठवड्यात क्लास बुडायचा, परतल्यावर वर्ग पुढे गेलेला असायचा. ए-1 कसंबसं झालं आणि तिने नाद सोडला होता. तिला वाटत होतं की आपल्याला भाषा जमत नाही. मला दिसत होतं की तिचा आठवडा सात दिवसांचा नाही, तो एकवीस दिवसांचा आहे, आणि अभ्यासही त्याच मापात बसवायला हवा.

तिच्याच पाळ्यांत काम करणारी तिची एक मैत्रीणही शिकायला तयार झाली, म्हणून दोघींची वेगळी बॅच केली. सकाळपाळीच्या आठवड्यात संध्याकाळी दोन-दोन तासांचे तीन वर्ग आणि घरी सहा तास. दुपारपाळीच्या आठवड्यात वर्ग सकाळी, तेही सहा तास, आणि घरी चार. रात्रपाळीच्या आठवड्यात वर्ग नाही आणि नवं काहीही नाही. फक्त रोज थोडं ऐकणं आणि झालेल्या शब्दांची उजळणी, आठवड्याला मिळून चार तास. तीन आठवड्यांचे एकूण सव्वीस तास झाले. 650 ला 26 ने भागलं की पंचवीस फेऱ्या, म्हणजे 75 आठवडे. सुट्ट्या धरून पावणेदोन वर्षांच्या आत बी-1 ची परीक्षा देता येईल, असं मी तिला पहिल्याच दिवशी कागदावर लिहून दिलं. ती म्हणाली, "मॅडम, इतका वेळ लागणार हे आधीच कळलं असतं, तर मी मधेच सोडलं नसतं."

दोघींच्या वर्गात बोलण्याचा वेळ मुबलक होता, आणि ड्यूटी संपवून स्टेशनपर्यंत चालताना त्या आपसांत जर्मन बोलत. त्यामुळे बोलण्यात त्या बारा जणांच्या बॅचच्या कितीतरी पुढे गेल्या. मागे पडलं ते ऐकणं. रात्रपाळीच्या आठवड्यात झोपेअभावी सगळ्यात आधी बुडायचं ते ऐकणंच, आणि त्याचा परिणाम परीक्षेत दिसला. बी-1 च्या श्रवण परीक्षेत काही भाग एकदाच ऐकवतात. ज्याचा कान रोज लागलेला नाही त्याची पहिली दोन वाक्यं जुळवाजुळवीतच निघून जातात. वाचन, लेखन आणि बोलणं या तिन्ही भागांत ती नर्स उत्तीर्ण झाली, ऐकण्यात साठ टक्के भरले नाहीत. चारही भाग स्वतंत्रपणे देता येतात, त्यामुळे तेवढाच भाग पुन्हा द्यायचा होता. मधल्या काळात तिने वर्गाचा एकही तास वाढवला नाही. डॉइचे वेलेवर सावकाश वाचलेल्या बातम्या असतात, त्या रोज दहा-पंधरा मिनिटं ऐकायच्या, रात्रपाळीतसुद्धा, एवढंच ठरवलं. दुसऱ्या वेळी तो भाग निघाला. ती आता बी-2 करते आहे.

मुंबईत आठवड्याबरोबर वर्षाकडेही पाहावं लागतं. जूनमध्ये सुरू झालेली बॅच पावसात अडखळते. गाड्या बंद पडल्या की क्लास रद्द होतो. मग गणपती येतात, कोकणातली मुलं गावी जातात. बोरिवलीत नवरात्रीच्या नऊ रात्री कुणी संध्याकाळी वर्गाला येत नाही. त्यानंतर दिवाळी. ए-1 चा पाया घालण्याच्या नेमक्या महिन्यांत ही सगळी खिंडारं पडतात. म्हणून निवड हातात असेल तेव्हा मी नवी बॅच दिवाळीनंतर सुरू करते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सलग मिळतात. मार्चमध्ये बँकेतली आणि हिशेबाच्या कामातली माणसं गळतात, तोवर पाया बसलेला असतो. सुट्टी टाळता येत नाही, पण ती कोणत्या पायरीवर येते याने फरक पडतो. ए-1 च्या मध्यावर तीन आठवड्यांचा खंड पडला तर जवळजवळ पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. ए-2 पूर्ण झाल्यावर तेवढाच खंड पडला तर आठवड्याभरात भरून निघतो.

एवढ्या वर्षांत माझं मत असं झालं आहे. आठवड्याला वर्ग आणि घर मिळून पाच तासांपेक्षा कमी वेळ देता येत असेल, तर बी-1 चं ध्येय ठेवू नये. विसरणं आणि शिकणं बरोबरीला येतं आणि माणूस ए-2 च्या उंबरठ्यावर वर्षानुवर्षं उभा राहतो. आठ ते अकरा तास, आणि तेही किमान पाच दिवसांत विभागलेले, हे नोकरी करणाऱ्या माणसाला परवडणारं माप. यात दीड वर्षाच्या आसपास बोलता येतं. पंचवीस तासांच्या पुढे जायचं असेल तर घर आणि नोकरी या दोन्हींतून खरोखर मोकळीक हवी. नाहीतर पैसे वीस तासांच्या वर्गाचे जातात आणि हाती आठ तासांचं शिक्षण लागतं.

म्हणून क्लास लावण्याआधी, फी भरण्याआधी, एक कागद घ्या आणि गेल्या आठवड्यातले सात दिवस जसे गेले तसे त्यावर लिहा. हवे होते तसे लिहू नका. त्यात पाच दिवशी अर्धा-पाऊण तास कुठे बसतो ते शोधा. गाडीत असेल, मुलं झोपल्यावर असेल, ड्यूटीच्या आधी असेल. तो सापडला तर एकूण तासांना आठवड्याच्या तासांनी भागा, त्यात सणांचे आठवडे मिळवा आणि येणारी तारीख घरच्यांना सांगा. तो सापडत नसेल तर अजून थोडं थांबा, पाळी बदलेपर्यंत, मुलाची परीक्षा होईपर्यंत, आणि मग सुरुवात करा. आणि क्लासवाल्यांना 'किती महिने' असं विचारण्याऐवजी तीन गोष्टी विचारा. वर्गाचे घड्याळी तास किती? दोन वर्गांमध्ये अंतर किती दिवसांचं? आणि दर वर्गात मी स्वतः किती मिनिटं बोलणार? ज्या क्लासकडे या तिन्हींची उत्तरं आहेत, तिथेच फी भरा.